‘आपणांस कळविण्यात येते’ दादाला कसं लिहू?

प्रश्न : मी अंबडला एका कंपनीत आहे. सोळा वर्षं सोबत काम केलेला सहकारी आता आमच्या सिन्नरच्या प्लांटला गेलाय, समोर मी त्याला ‘दादा, तू’ असंच म्हणते. त्याला मराठीत मेल लिहिली आणि वाचल्यावर मलाच ती तहसीलच्या नोटिशीसारखी वाटली. मेल अशी : “महोदय, स.न.वि.वि. आपणांस कळविण्यात येते की, आपण गेल्या आठवड्यात निश्चित केलेल्या फिक्श्चरच्या ड्रॉइंगमध्ये बदल करण्यात आलेला असून सदर ड्रॉइंग सोबत जोडले आहे. तरी त्याचे अवलोकन करून आपला अभिप्राय शुक्रवारपर्यंत कळविण्यात यावा ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व. आपली विश्वासू.” यातलं काय ठेवू, काय काढू?

उत्तर :

ताई, बहुतेक जण अशा वेळी जड शब्द शोधून हलके शब्द टाकतात, ‘अवलोकन’च्या जागी ‘बघणे’, ‘सदर’च्या जागी ‘हे’, आणि मग म्हणतात अजूनही ताठच वाटतंय. ताठपणा शब्दांत थोडाच आहे, खरा आहे तो सर्वनामात आणि क्रियापदात. म्हणून आधी तिथे हात घाला.

पहिलं ‘आपण’. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक आदराचा, म्हणजे समोरचा माणूस, आणि दुसरा मी आणि तू मिळून. आता तुमचंच वाक्य बघा, ‘आपण गेल्या आठवड्यात निश्चित केलेल्या फिक्श्चरच्या’. निश्चित कोणी केलं, दादाने एकट्याने की दोघांनी बसून? ‘आपण निश्चित केलंत’ असं असतं तर शेवटच्या ‘त’वरून आदराचा अर्थ कळला असता, पण ‘केलेल्या’ हे धातुसाधित आहे, त्याला तो ‘त’ लागत नाही, त्यामुळे वाक्य दोन्हीकडे झुकतं. हे नुसतं व्याकरणाचं नाहीये हं. मी सातपूरला स्टोअरमध्ये होतो तेव्हा एक चिठ्ठी आली होती, ‘आपण मागविलेले बुश आले की कळवावे’, मला वाटलं त्यांच्या खात्याने आणि आम्ही मिळून मागवलेत म्हणजे ऑर्डर त्यांनी टाकली असेल, त्यांना वाटत होतं मी एकट्याने टाकलीय, आणि दोन दिवस दोघंही वाट बघत बसलो, ऑर्डर कोणी टाकलीच नव्हती.

म्हणून जवळच्या माणसाला लिहिताना ‘आपण’ आदरासाठी वापरूच नका, तो फक्त ‘आपण दोघं’साठी राखून ठेवा. सोळा वर्षं सोबत काम केलेल्या माणसाला ‘आपण फायनल केलेलं फिक्श्चर’ म्हणण्यात जी जवळीक आहे ती ‘प्रिय’ लिहून येणार नाही. आणि त्याच्या एकट्यासाठी ‘तू’. समोर तू म्हणता आणि मेलमध्ये आपण, तर वाचणाऱ्याला पहिली शंका हीच येते की ही रागावलीय का काय.

दुसरं, ‘कळविण्यात येते’, ‘बदल करण्यात आलेला आहे’. या ‘-ण्यात येणे’मध्ये कर्ता गायब होतो. सरकारी कागदाला ते बरोबर आहे, तिथे कळवणारा माणूस महत्त्वाचा नसतो, कार्यालय कळवतं, खुर्चीवरचा माणूस बदलला तरी पत्र तेच राहतं. पण तुमच्या मेलमध्ये बदल कोणी केला हीच तर दादाला हवी असलेली माहिती आहे! ‘बदल करण्यात आला आहे’ वाचून तो फोन करणार, कोणी केला, का केला. ‘मी एक बदल केलाय’ लिहिलं की मेल हलकीही होते आणि जबाबदारीही स्पष्ट होते. आणि ‘कळविण्यात येते की’ तर पूर्णच काढा, तुम्ही कळवताय म्हणूनच तर मेल आलीय.

तिसरी आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे विनंती. ‘कळविण्यात यावा ही नम्र विनंती’ काढलं की लोक घाबरून एकदम ‘चेक कर’वर येतात आणि मग ते उद्धट वाटतं म्हणून परत ‘कृपया’ चिकटवतात, ‘कृपया चेक कर’, हे तर कोणी बोलतच नाही. मराठीत नम्रता ‘कृपया’त नसते, ती क्रियापदाच्या शेपटीत असते. ‘चेक करशील का’ म्हटलं की भविष्यकाळ आणि प्रश्न मिळून समोरच्याला नाही म्हणायची जागा मिळते. त्यात सहायक क्रियापद कुठलं घेता तेही बघा. ‘चेक करून घे’ म्हणजे तुझ्याच कामासाठी, यात थोडी सूचना दिल्यासारखी वाटते. ‘चेक करून ठेव’ म्हणजे पुढे लागेल. आणि ‘चेक करून दे’ म्हणजे माझ्यासाठी. तुम्हाला हवंय ते हेच, ‘चेक करून देशील का’, त्यात उपकार मागितल्याची भावना आपोआप येते, वेगळं ‘नम्र विनंती’ लिहावं लागत नाही.

आता किरकोळ. ‘कळविणे, ठरविले’ यातला ‘वि’ जुना वाटतो, कळवणे, ठरवलं लिहा. एकदा ‘केलं’ लिहिलं की सगळीकडे अनुस्वारच ठेवा, अर्धी मेल ‘जोडले आहे’ आणि अर्धी ‘केलंय’ अशी ठिगळं फार दिसतात. ‘असून’ने जोडलेलं लांब वाक्य तिथेच तोडा. ‘स.न.वि.वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, मूळचं चांगलं मायेचं आहे, पण ‘महोदय’च्या मागे जोडल्यावर त्यातलं सप्रेम मेलं, तेव्हा दोन्ही काढा. ‘तसदी’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला, मूळ अर्थ डोकेदुखी देणे. ड्रॉइंग बघणं दादाला डोकेदुखी नाहीये, ते त्याचंही काम आहे, त्यामुळे क्षमा नकोच.

तुमची मेल मी अशी लिहीन (कारण आणि तारखा तुमच्या घाला) :

“दादा,
गेल्या बुधवारी आपण जे फिक्श्चर फायनल केलं त्यात मी एक बदल केलाय. क्लॅम्पचा बोल्ट एम-८ होता तो एम-१० घेतला, ट्रायलला ८ चे आटे जात होते. नवीन ड्रॉइंग जोडलंय. शुक्रवारपर्यंत एकदा चेक करून देशील का? शनिवारी टूलरूमला द्यायचंय.”

खाली फक्त नाव. ‘विश्वासू’ अर्जात शोभतं, इथे नाही. बघा, बदल काय, का, कधीपर्यंत हे सगळं आता जास्त नेमकं आलंय, तुमच्या मूळ मेलमध्ये बदल काय केला हेच नव्हतं, मोठ्या वाक्यामुळे ते लक्षातही आलं नाही.

पण उलट्या टोकाला नका जाऊ. व्हॉट्सॲपवर चालतं ते ‘बघ ना रे, अर्जंट’ मेलमध्ये नको, सहा महिन्यांनी ऑडिटला हीच मेल उघडावी लागली तर तारीख आणि बोल्टचा साइज सापडला पाहिजे. आणि सीसीमध्ये त्याच्या हाताखालची पोरं किंवा तुमचे साहेब असतील तर ‘तू’चं ‘तुम्ही’ करा, ‘देशील का’चं ‘द्याल का’, बाकी एक अक्षर बदलू नका, ‘दादा’ तसंच ठेवा. ‘दादा, चेक करून द्याल का’ हे चार लोकांत म्हणायलाही छान आहे, आणि दादालाही कळेल की तुम्ही तुम्ही का लिहिलंय.