स्टार्ट-स्टॉपची गाडी, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि डिपस्टिकवर चढणारं ऑइल

प्रश्न: ऑटो स्टार्ट-स्टॉपची पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलंय. वापर कोथरूडातल्या कोथरूडात: शाळा, भाजी, आईचा दवाखाना, एका वेळी दोन-तीन किमी. सर्व्हिसला पाच महिने झाले, जेमतेम १८०० किमी चालली. तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या खाली होतं, आता खुणेच्या वर आहे आणि पेट्रोलचा वास येतो. गॅरेजवाला म्हणतो, स्टार्ट-स्टॉपमुळे इंजिन झिजतं, १५डब्ल्यू-४० टाकू. टाकू का?

उत्तर:

१५डब्ल्यू-४० टाकू नका. आत्ता आहे ते ऑइल फिल्टरसकट बदलून घ्या, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

दोष स्टार्ट-स्टॉपच्या माथी मारला जातोय, पण तुमच्या ऑइलचं नुकसान तो करत नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं, तेव्हा ते बऱ्यापैकी गरम असतं. कूलंट ठराविक तापमानाला पोहोचल्याशिवाय ही यंत्रणा इंजिन बंदच करत नाही. बेअरिंगमध्ये ऑइल शिल्लक असतं, प्रेशर क्षणात परत येतं. त्या क्षणात शाफ्ट आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर अपुरा पडतो हे खरं, आणि म्हणूनच अशा इंजिनांसाठी बेअरिंगवर पॉलिमरचा लेप देण्याची पद्धत आली. त्या वेळी धातू वाचवतात ते ऑइलमधले झीजविरोधी आणि घर्षण कमी करणारे घटक. नुसता जाडपणा तिथे फारसा कामाला येत नाही.

खरा त्रास सकाळी पार्किंगमधून गाडी निघते तेव्हा होतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक, ईसीयू, जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांच्या कडेने खाली, ऑइल साठतं त्या संपमध्ये उतरतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत हे प्रमाण जास्त असतं. जोडीला पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि त्यातला थोडा भाग रिंगांवरून निसटून थंड क्रँककेसमध्ये थेंब होऊन बसतो. आता पंपावर मिळतं ते ई२० असतं, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि पाणी तर ते लगेच ओढून घेतं.

लांब फेरीत हे सगळं ऑइल तापल्यावर उडतं आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात जाऊन जळतं. तुमच्या फेरीत तेवढा वेळच मिळत नाही. कूलंट चार-पाच किलोमीटरमध्ये तापतं, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. पुरतं तापायला १०-१५ किलोमीटर सहज लागतात. डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझला म्हणजे ऑइल तापलं, असं समजू नका.

किती पेट्रोल उतरलंय? आधी मोजमाप एकसारखं हवं. साडेतीन लिटर ऑइल थंड असताना आणि त्याहून ६० अंश गरम असताना आकारमानात सुमारे दीडशे मिलिलिटरचा फरक पडतो. सर्व्हिसनंतर थंडपणी पाहिलं आणि आता गरमपणी पाहिलं, तर काही न होताही पातळी वाढलेली दिसेल. म्हणून एक पद्धत ठरवा: सकाळी गाडी सुरू करण्याआधी, त्याच सपाट जागी, डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालून. सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असाच एक फोटो काढून ठेवा. पुढचे सगळे आकडे त्याच फोटोशी ताडायचे. कॅन पूर्ण रिकामा करायच्या नादात गॅरेजमध्येच जास्त ऑइल ओतलं गेलं असेल, तर तेही पहिल्याच फोटोत कळतं.

आता हिशेब. समजा फिल्टरसह ३.५ लिटर ऑइल बसतं, डिपस्टिकच्या दोन खुणांत ०.८ लिटरचा फरक आहे आणि त्या खुणा २० मिमी अंतरावर आहेत. म्हणजे एक मिमीला ४० मिली. पातळी ६ मिमी चढली तर २४० मिली बाहेरचा माल आत आला. एकूण ३.७४ लिटरमध्ये तो जवळपास साडेसहा टक्के होतो, आणि वास येतोय म्हणजे त्यातला मोठा वाटा पेट्रोलचा. माझी मर्यादा अशी: दोन टक्क्यांपर्यंत लक्ष ठेवा, पाचच्या आसपास गेलं की ऑइल बदलायला थांबू नका. एवढ्या पेट्रोलने ०डब्ल्यू-२० ऑइल एक ग्रेड खाली घसरू शकतं. भर म्हणजे झीजविरोधी घटकही पातळ होतात, आणि त्याचा फटका टायमिंग चेनच्या पिनांना आधी बसतो. पातळी वरच्या खुणेच्या फार वर गेली तर क्रँक ऑइलला थडकून फेस होतो, तो धोका वेगळाच.

मग जाड ऑइल का नको? कारण पेट्रोल त्यातही तेवढंच उतरणार. शिवाय या इंजिनांतला व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारा व्हीव्हीटी आणि चेन ताणून धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर बारीक छिद्रांतून येणाऱ्या ऑइलवर चालतो. गार सकाळी १५डब्ल्यू-४० तिथे पोहोचायला वेळ लावतं, आणि तुमची गाडी दिवसातून अनेकदा गारच सुरू होते. पुण्यात पारा सहसा ८-१० अंशांच्या फार खाली जात नाही, त्यामुळे ०डब्ल्यू की ५डब्ल्यू या थंडीतल्या आकड्यावर इथे डोकं शिणवायची गरज नाही. बघायचा तो दुसरा, तापल्यावरच्या जाडपणाचा आकडा. मॅन्युअल १६ आणि २० दोन्ही चालतात म्हणतंय तर ०डब्ल्यू-२० घ्या. तापलेल्या, जोराच्या कामात थर किती टिकतो याची किमान मर्यादा १६ ग्रेडला २.३ आणि २० ग्रेडला २.६ मिलिपास्कल-सेकंद आहे. पेट्रोल उतरण्याचं गृहीत धरलं की हा फरक उपयोगी पडतो, आणि वॉरंटीचाही प्रश्न येत नाही.

कॅनच्या मागचं एपीआयचं, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं, गोल चिन्ह बघा. वरच्या अर्धवर्तुळात एसपी किंवा त्यानंतरचं एसक्यू असावं. एसपीपासून टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी त्यात आली. खालच्या अर्धवर्तुळात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' हे शब्द असतील तर उत्तम, कारण इथेनॉलमिश्रित इंधनावर इंजिनाचं रक्षण करण्याची अट त्या शब्दांबरोबर येते. ई२० आणि छोट्या फेऱ्या असणाऱ्याने नुसतं 'फुली सिंथेटिक' वाचून कॅन उचलू नये. घट्टपणा वाढवणारी बाटलीतली औषधं आणि फ्लश, दोन्हींवर पैसे घालवू नका.

बदलताना: आधी १५-२० मिनिटं गाडी चालवा, म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ गरम ऑइलबरोबर वाहून जाईल. ड्रेन बोल्टचा वॉशर आणि फिल्टर नवा. ३.५ लिटरच्या संपमध्ये आधी ३.२ लिटर ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटांनी पातळी बघा आणि वरच्या खुणेच्या दोन-तीन मिमी खाली थांबा. ती जागा मुद्दाम ठेवायची, म्हणजे पुढे चढलेली पातळी खुणांच्या आतच वाचता येते.

यापुढे किलोमीटर विसरा, महिने मोजा. १० हजार किमी किंवा वर्ष हा आकडा साध्या वापराचा आहे. मॅन्युअलमध्ये मागे कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो आणि छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात. दर सहा महिन्यांनी बदला, शक्यतो फेब्रुवारीअखेर आणि ऑगस्टअखेर. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळींत पेट्रोल सगळ्यात जास्त उतरतं, ते ऑइल उन्हाळ्यात नेऊ नये. दर महिन्याला सकाळचं मोजमाप घ्या. ३ मिमी चढलं की आठवड्यातून एकदा लांब फेरी सुरू करा, ५ मिमीला सहा महिन्यांची वाट बघू नका.

लांब फेरी म्हणजे न थांबता ३०-४० मिनिटं. चांदणी चौकातून हायवेला लागून वारजे, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या अलीकडून वळायचं. परतीला बोगद्यानंतरच्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल करू नका. अवजड गाड्या तिथे ब्रेक तापलेल्या अवस्थेत येतात. सोसायटीत उभी करून अर्धा तास इंजिन चालू ठेवणं हा पर्याय नाही. आयडलवर ऑइल नीट तापत नाही आणि थंडपणी पेट्रोल उलट जास्त उतरतं. फेरीत पाणी आणि पेट्रोलचा हलका भाग उडतो, जड भाग ऑइलमध्येच राहतो, त्यामुळे फेरी मारली म्हणून ऑइल बदलणं टळत नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. इंजिन थोडं ऑइल खात असेल तर उतरणारं पेट्रोल ती घट भरून काढतं आणि पातळी महिनोन् महिने जागच्या जागी दिसते. मग तुम्ही गोव्याला निघता, पेट्रोल उडतं आणि साताऱ्याच्या पुढे पातळी खालच्या खुणेवर येते. लांब जाण्याआधी ऑइल बदला, निदान लिटरभर त्याच ग्रेडचं डिकीत ठेवा.

नवीन ऑइलवर एका महिन्यात ३ मिमी चढलं तर मात्र ते फक्त छोट्या फेऱ्यांचं काम नाही. आधी थर्मोस्टॅट तपासा. तो उघडा अडकला की इंजिन कधीच पुरतं तापत नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो. गाडीच्या संगणकातले आकडे आणि कोड वाचणारा ओबीडी रीडर लावून हायवेवर कूलंटचं तापमान बघा. ते ८०-९० च्या आसपास स्थिर राहायला हवं. वेगात ६५-७० वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट बदला. P0128 हा कोड त्याचाच. P0172 दिसला तर मिश्रण जास्त पेट्रोलचं आहे. गळका इंजेक्टर, कूलंट सेन्सर, मिसफायर करणारा प्लग असा शोध घ्या, पण नवीन ऑइल भरल्यानंतर, कारण जुन्या ऑइलमधून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफांनीही तो कोड येऊ शकतो.

ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ती साठलेली वाफ आहे, लांब फेरीने जाते. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दुधट झालं आणि कूलंटची टाकी उतरत असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या. हेड गॅस्केट तपासायला हवं.