भिशीच्या वहीतला कोरा रकाना

“मॅडम, आमच्या गल्लीत 12 जणींची भिशी आहे, महिना हजार रुपये. मी चालवते. सात महिने झाले, वही रोजच्या रोज लिहिते, तरी हिशोब लागंना. माझ्या पदरचे चार-पाच हजार गेलेत आणि बाया उलट मलाच म्हणू लागल्या, की पहिला नंबर काकूंनीच घेतला, आता गडबड पण त्याच करू लागल्या. वही लिहायची तरी कशी?”

काकूंना मी वही घेऊन बोलावलं. परभणीतल्या एका जुन्या वस्तीतल्या या काकू. वही स्वच्छ होती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. प्रत्येक महिन्याच्या पानावर तारीख, नाव, रक्कम अशी एकाखाली एक यादी. किराणा दुकानदार उधारी लिहितो ना, तशी.

घोळ तिथंच होता. अशा यादीत ज्यांनी पैसे दिले त्या दिसतात. ज्यांनी दिले नाहीत त्या कुठंच दिसत नाहीत, कारण न दिलेल्या पैशाची ओळ कुणी लिहीत नाही.

शेवटच्या पानावर काकूंनी ‘शिल्लक’ असाही एक रकाना केला होता. बचत गटाच्या वहीत पाहिला म्हणाल्या. पण बचत गटात पैसा साठतो, कर्ज दिलं जातं, व्याज येतं, म्हणून तिथं शिल्लक असते. भिशीचा पैसा ज्या दिवशी गोळा होतो त्याच दिवशी जिचा नंबर तिच्या पदरात पडतो. भिशीची पिशवी घरी जाताना रिकामीच असायला पाहिजे. तिच्यात काही उरलं किंवा कमी पडलं, तर त्याच दिवशी त्याचं कारण लिहायला हवं.

मी एक फुलस्केप कागद आडवा धरला. डावीकडं 12 नावं, वर एप्रिल ते मार्च असे 12 महिने, म्हणजे 144 रकाने. मग काकूंची यादी वाचत वाचत एकेक रकाना भरायला घेतला. दळणवाल्या मावशींच्या नावावर जूनमध्ये काहीच नव्हतं, पण जुलैत 2000 होते. तसंच एका शिक्षिकेचं, जुलै कोरा आणि ऑगस्टला 2000. ते दोन्ही महिने मागं जाऊन भरले. ऑक्टोबरपर्यंतचे 84 रकाने व्हायचे होते. भरले 81.

काकू कागदाकडं बघतच राहिल्या. सातही जणींना पूर्ण 12,000 मिळाले, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे वाटप 84,000 आणि जमा 81,000. मधले 3000 काकूंच्याच कमरेच्या पिशवीतले. मावशी आणि शिक्षिकेसाठी घातलेले पैसे परत आलेले होते, पण ‘मी पाच वेळा घातले’ एवढंच काकूंच्या डोक्यात राहिलं होतं. लोक अशा वेळी लबाडी करतात असं नाही, पण दिलेलं लक्षात राहतं आणि परत आलेलं विसरतं.

कोऱ्या तीन रकान्यांपैकी दोन एकाच वहिनींचे निघाले, ऑगस्ट आणि सप्टेंबर. त्यांच्या घरची शेती, सगळी सोयाबीनवर. जूनमध्ये पेरणी आणि पोरांच्या शाळेत हातातलं संपतं, आणि माल निघाल्याशिवाय पैसा दिसत नाही. आपल्याकडच्या भिशीत हे दोन-तीन महिने असेच अडकतात. तिसरा रकाना टेलरताईंचा, जुलैचा. त्या मात्र ठामपणे म्हणाल्या, “मी दिलेत.”

त्यांना फोनमधले जुने व्यवहार उघडायला लावले. जुलैच्या 13 तारखेला 1000 गेलेले होते, पण काकूंच्या मुलाच्या नंबरवर. पोरानं घरात सांगितलंच नव्हतं. काकू तिथंच त्याला फोन लावायला निघाल्या, मी म्हटलं घरी गेल्यावर बोला. तर काकूंच्या मते पाच हजार, वहीप्रमाणे तीन हजार, आणि खरं येणं वहिनींकडचं दोनच हजार.

आता दोघींकडं बघायची नजर वेगळी पाहिजे. टेलरताईंची भिशी अजून लागायची होती. त्यांनी सात हप्ते भरलेत, म्हणजे गल्लीच त्यांचे 7000 देणं लागते. त्यांचा एखादा हप्ता खरंच चुकला असता, तरी त्यांच्या पाळीच्या दिवशी तेवढा कापून काकूंना देता आला असता. वहिनींची भिशी मात्र मे महिन्यातच लागली होती. 12,000 घेतले, भरले 5000. त्यांच्याकडून अजून 7000 यायचेत: पुढचे पाच हप्ते आणि काकूंचे दोन हजार. कोरा रकाना दोघींचा सारखाच दिसतो, पण भिशी लागून गेलेल्या बाईचा कोरा रकाना त्याच दिवशी बोलून घ्यावा लागतो.

म्हणून नव्या वहीत दोन पानं समोरासमोर घेऊन तोच तक्ता आखला. बरोबरची खूण करायची नाही, खूण कुणीही करू शकतं. पैसे देणारीनं आपल्या रकान्यात स्वतः तारीख घालून सही करायची, लिहिता येत नसेल तर अंगठा. फोनवरून दिले असतील तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि पैसे कुणाच्या नंबरवर गेले, तेही. काकूंनी कुणासाठी पदरचे घातले तर त्या रकान्यात लाल पेननं ‘उ’, म्हणजे उसने. ‘उ’च्या शेजारी सही होईल ती पैसे परत आल्यावरच. सोबत प्रत्येकीकडं 12 रकान्यांचं एक जाड कार्ड, त्यावर सही काकूंची. म्हणजे तिची सही काकूंच्या वहीत, काकूंची सही तिच्या कार्डावर. वाद झाला तर दोन्ही शेजारी ठेवायचं.

पैसे देण्याआधी महिन्याच्या उभ्या ओळीतल्या सह्या आणि ‘उ’ मिळून 12 होतात का ते मोजायचं. नोटा काकूंनी नाही, दुसऱ्या दोघींनी मोजायच्या. फोनवर आलेले पैसे काकूंनी आधीच रोख काढून आणायचे. आणि जिला भिशी लागली तिनं खाली एक ओळ लिहून सही करायची: ‘12,000 मिळाले, माझे अमुक हप्ते राहिले.’ वहिनींनी मे महिन्यात ‘दहा हप्ते राहिले’ असं लिहिलं असतं, तर सप्टेंबरात काकूंना मागायला एवढा संकोच झाला नसता. मागायला लाजायचं आणि गुपचूप आपले घालायचे, ही भिशी चालवणाऱ्या बायांची जुनी खोड. वही वसुली करत नाही, ती तोंडानंच करावी लागते. पण वहीत लिहिलेलं दाखवून मागणं जरा सोपं जातं.

जुने सात महिने नव्या तक्त्यात उतरवून काकूंनी ते नोव्हेंबरच्या भिशीला सगळ्यांसमोर वाचले. प्रत्येकीनं आपापल्या आडव्या ओळीपुढं सही केली. टेलरताईंच्या जुलैच्या रकान्यात ‘मुलाच्या नंबरवर, 13 जुलै’ असं लिहिलं, पोरानं हजार रुपये आईला दिले. वहिनींनी सोयाबीन विकून आलेल्या पैशातून चालू हप्ता आणि ऑगस्टचा असे 2000 भरले. सप्टेंबरच्या रकान्यात लाल ‘उ’ अजून आहे, त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःच पेन्सिलनं लिहिलंय, ‘डिसेंबरात.’