तीन किलोवॉटचा हिशोब

“सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी आम्ही 6 मीटर लांब, 2 मीटर रुंद सौर पन्हळ बनवली, म्हणजे वक्र आरशाने ऊन मधल्या नळीवर आणून पाणी तापवणारी. नळी उत्तर-दक्षिण आहे. 12 किलोवॉट मिळायला हवे होते, पण डिसेंबरात भर दुपारी तासाभरात 50 लिटर पाणी 30 अंशांवरून 80 पर्यंतच गेलं. प्रकल्प फसला असं समजून सॉफ्टवेअरकडे वळू का?”
— एक विद्यार्थी, सोलापूर

आधी पाण्यालाच विचारू. 50 किलो पाणी 50 अंशांनी तापायला सुमारे 10,500 किलोज्यूल लागतात. तासाच्या 3600 सेकंदांनी भागलं की 2.9 किलोवॉट. आता तुझे 12 किलोवॉट एकेक पायरीने खाली उतरवून बघ.

तू चौरस मीटरला 1000 वॉट धरलेस. पण आरसा फक्त सूर्याकडून सरळ येणारे किरण नळीवर आणतो, धुरळ्यातून विखुरलेला उजेड त्याच्या कामाचा नाही. सरळ ऊन 700 धरू. आरशाच्या वक्र पत्र्याचं नव्हे, तर पन्हळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ घ्यायचं, ते 12 चौरस मीटर आहे. म्हणजे 8.4 किलोवॉट.

धूळ बसलेला आरसा 85 टक्के परतवेल, काचेची नळी 90 टक्के आत सोडेल, काळा लेप 92 टक्के शोषेल आणि आकारातल्या चुकांमुळे 90 टक्केच किरण नळीवर पडतील. हे चारही गुणले की 0.63 येतात, हाती 5.3 किलोवॉट उरतात.

मोठी गळती मात्र तुझ्या मांडणीत आहे. डिसेंबरात सोलापूरला दुपारी सूर्य डोक्यापासून 41 अंश दक्षिणेला असतो. उत्तर-दक्षिण पन्हळ पूर्व-पश्चिम कलते, त्यामुळे हा तिरकेपणा तिला भरून काढता येत नाही. 41 अंशांची कोज्या 0.75, म्हणून 4 किलोवॉट. उरलेला एक किलोवॉट टोकाशी निसटणाऱ्या प्रकाशात आणि नळीतून, टाकीतून जाणाऱ्या उष्णतेत गेला. तुझी पन्हळ फसलेली नाही, ती गणिताप्रमाणे चालली आहे.

उष्णतेचा वाटा वेगळा काढायचा तर 65 अंशांचं पाणी फिरवत ठेव आणि आरसा चादरीने झाक. तासात 10 अंश उतरलं, तर सुमारे 0.6 किलोवॉट तिथे जातात. आकार तपासायला पन्हळीच्या समोर बऱ्याच अंतरावर उभा राहा. आरशात सगळीकडे काळी नळी दिसली पाहिजे. जिथे आकाश दिसेल, तिथे पत्रा दुरुस्त कर. स्वयंपाक अकरा ते एक चालत असेल, तर चौकट पूर्व-पश्चिम फिरव. भर दुपारी कोज्या 1 होईल आणि चारहून अधिक किलोवॉट मिळतील. सकाळ-संध्याकाळ मात्र कमी पडेल.

आता करिअरचं. केवळ सौर स्वयंपाकघरांवर नोकरी शोधू नकोस, ते क्षेत्र लहान आहे. शिर्डीच्या प्रसादालयातसुद्धा 16 चौरस मीटरच्या 73 तबकड्या आहेत, पन्हळी नाहीत. पण हाच हिशोब बॉयलर, वाफेच्या नळ्या आणि ऊर्जा लेखापरीक्षणात रोज लागतो. मेकॅनिकललाच थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घे, उष्णता-संक्रमण मन लावून शीक. आणि प्रकल्प अहवालात 12 किलोवॉट कुठे कुठे गेले, त्याचा तक्ता पहिल्या पानावर टाक. मुलाखतीला तोच घेऊन जा.