तारीख धरायची की माणूस?

"मॅडम, डेटाबेसचं सगळं एकाच माणसावर आहे आणि प्लॅनमध्ये त्याचे आठवड्याला 64 तास दिसतायत. लेव्हलिंग करू की स्मूदिंग? तारीख तर हलणार नाही."

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या मॅनेजरांनी आणलाय की एकदा लिहूनच टाकते. स्मूदिंगमध्ये शेवटची तारीख पक्की, कामं फक्त त्यांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे उशीर चालेल तेवढ्यातच सरकवायची. लेव्हलिंगमध्ये माणसाचे तास पक्के, मग त्यापायी तारीख गेली तर गेली.

एक पुण्याचा मॅनेजर होता, त्याला आम्ही कागदावर आठवडे मांडायला लावले. तिसऱ्या आठवड्यात मायग्रेशन 40 तास, रिपोर्ट 24. रिपोर्टला दोन आठवडे फ्लोट होता आणि चौथ्यात त्या डेटाबेसवाल्याकडे 12 तासांचंच काम होतं, म्हणून रिपोर्ट तिकडे सरकवले, 36 झाले. हे स्मूदिंग, कोणाला काही विचारायची गरज पडली नाही. फक्त फ्लोट दोनचा एक उरला, हे लिहून ठेवा म्हटलं, कारण पुढच्या वेळी लोक तो अजून दोनच आहे असं धरून चालतात.

सहाव्या आठवड्यात अडलं. गो-लाइव्हची रंगीत तालीम 40 तास, ट्यूनिंग 24, दोन्हींचा फ्लोट शून्य, आणि दोन्ही झाल्याशिवाय सातव्याच्या सोमवारी टेस्टिंग सुरू होणार नाही. तो म्हणाला, "स्मूदिंग केलंय मी, तरी 64 च आहेत."

"बरोबर आहे, सरकवायला जागाच नाही. मग हे वरचे 24 तास कुठून येणार?"

बराच वेळ गप्प. मग हळू आवाजात, "त्याच्या रात्रींतून."

"आणि तारीख हलणार नाही असं कोण म्हणालं?"

"...मीच. क्लायंटला विचारलं नाही कधी."

तिथे सगळं फिरलं. माझं पहिल्यापासूनचं मत हेच, की असा ओव्हरलोड म्हणजे कोणीतरी न बोलता घेतलेला निर्णय असतो, आणि तो बोलून दाखवायला लावणं हेच माझं काम. त्या दिवशी ते जमलं याचं मला अजून समाधान आहे.

मग लेव्हलिंग केलं: ट्यूनिंग सातव्याच्या सोमवार ते बुधवार, टेस्टिंग गुरुवारी, गो-लाइव्ह तीन कामाचे दिवस पुढे. आता क्रिटिकल पाथ, म्हणजे जिला उशीर झाला की शेवटची तारीखच जाते ती कामांची साखळी, त्या माणसातूनच जातो, तो एक दिवस आजारी पडला की तारीख एक दिवस जाते, हेही क्लायंटला सांगायला लावलं. एमएस प्रोजेक्ट वापरत असाल तर लेव्हलिंगच्या आधी `Level only within available slack` वर टिक आहे का बघा. यातला slack म्हणजे फ्लोटच, टिक असेल तर शेवटची तारीख हलत नाही आणि जे बसलं नाही ते तसंच लाल राहतं. ते लाल उरलेले तास घेऊनच क्लायंटकडे जायचं.

तो गेला. क्लायंटला महिनाअखेरच्या बिलिंगआधी सिस्टिम हवी होती एवढंच, सोमवार काय नि गुरुवार काय, त्यांना चालणार होतं.