अटल पेन्शनचे हप्ते थांबले असतील तर

हप्ते चुकले म्हणून खातं लगेच बंद होत नाही. उशिरासाठी हप्त्याच्या दर शंभर रुपयांमागे (किंवा त्याच्या भागामागे) दरमहा 1 रुपया व्याज लागतं. समजा, तुम्ही तिसाव्या वर्षी 5000 रुपयांच्या पेन्शनसाठी 577 रुपयांचा हप्ता घेतला. मग प्रत्येक थकलेल्या हप्त्यावर महिन्याला 6 रुपये. जानेवारी ते एप्रिल चुकवून मे महिन्यात भरलं, तर पहिला हप्ता चार महिने उशिरा, शेवटचा एक. एकूण दहा महिन्यांचे 60 रुपये. चार हप्त्यांचे 2308, वर हे 60 आणि मेचा हप्ता: 2945 रुपये.

परत सुरू करायला नवा फॉर्म नको. बचत खात्यात एवढी रक्कम ठेवा, बँक थकबाकी आपोआप वळती करते. पुढच्या महिन्यात पासबुकात नोंद दिसली नाही, तर शाखेत जाऊन ऑटो-डेबिट चालू आहे का ते विचारा.

नवखे दोन चुका करतात. एक, वर्षानुवर्षं दुर्लक्ष. शिल्लक रकमेतून देखभाल शुल्क कापलं जात राहतं, ती शून्यावर आली की खातं संपतं.

दुसरी जास्त महाग: रागाने खातं बंद करणं. मग फक्त तुमचे हप्ते आणि त्यावरचं निव्वळ उत्पन्न मिळतं, सरकारी वाटा नाही. पुन्हा शिरताना वय वाढलेलं असतं. पस्तिसाव्या वर्षी तोच हप्ता 902 रुपये, चाळिशीनंतर प्रवेशच नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकरदात्यांना नवं खातं उघडता येत नाही.

हप्ता झेपत नसेल तर पेन्शनचा टप्पा खाली आणा. आर्थिक वर्षातून एकदा बँकेत अर्ज करून तो बदलता येतो.