लांबच्या रेल्वे प्रवासात फोन उतरत आला आणि जवळ एकच पॉवर बँक असेल तर कसं निभावता? कोणाला अनुभव आहे का?

आहे, आणि चूक सगळी माझीच होती. कुर्ल्याहून एर्नाकुलमला निघालो होतो, चोवीस तासांच्या वरचा प्रवास. पनवेल सुटल्यावर फोन बघितला तर ९ टक्के. सॅकमध्ये हात घातला तर नुसती केबल हाताला लागली. अडॅप्टर घरी ओट्याजवळच्या सॉकेटमध्येच राहिलेला. बर्थशेजारी प्लग असून उपयोग शून्य. उरली जुनी पॉवर बँक, तीही चारपैकी तीनच दिवे दाखवणारी.

तिच्यावर ठळक अक्षरांत १०००० एमएएच, माझी बॅटरी ५०००ची. वाटलं, दीडदा तरी भरेल. पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ते ५ व्होल्ट करून बाहेर द्यायचे म्हणजे आकडा घटतो, शिवाय थोडी वीज उष्णतेत जाते. मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ ६००० लिहिली होती. हिशेब तिचाच धरायचा. फोन तापण्यात जातं ते वेगळं. म्हणजे तीन दिव्यांत जेमतेम एक चार्ज.

आधी दहा आकडी पीएनआर आणि उतरवून घ्यायला येणाऱ्या मित्राचा नंबर पेपरच्या कडेला लिहून ठेवला. मग फोन बंद करून, खिडकीतल्या उन्हापासून लांब चार्जिंगला लावला. साधारण ६० टक्क्यांवर काढला, आणि पुढे फ्लाइट मोड. कोकण रेल्वेवर हे फार महत्त्वाचं. बोगद्यात रेंज जाते, आणि फोन खिशात नुसता पडून असला तरी टॉवर शोधत बॅटरी खातो. एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा! स्टेशन आलं की दोन मिनिटं रेंज चालू, मेसेज बघायचे, परत बंद.

रत्नागिरी सोडल्यावर समोरच्या आजी म्हणाल्या, “बाळा, माझा पण लावशील का रे? मुलगा कणकवलीला येणार आहे.” जीवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा बटणांचा फोन, बॅटरी हजाराची. माझी केबल त्याला बसेना. पॉवर बँक चार्ज करायची आखूड केबल मात्र बसली. थोड्या वेळाने पॉवर बँकचे दिवेच गेले. आजी ओशाळल्या, “संपवली वाटतं मी.” संपली नव्हती. फोन भरत आला की वीज इतकी कमी ओढतो की पॉवर बँक स्वतःच बंद होते. बटण दाबलं, दोन दिवे लागले.

त्यांनी मग आग्रहाने त्यांच्या फोनवरून मला घरी बोलायला लावलं, त्यामुळे माझा फोन फ्लाइट मोडमध्येच राहिला. रात्री उरलेली पॉवर बँक फोनमध्ये रिकामी केली. एर्नाकुलमला उतरलो तेव्हा ३४ टक्के होते. पहिलं काम म्हणजे स्टेशनबाहेर अडॅप्टर घेतला, दोनशे रुपये गेले.