उत्पादक, वितरक, व्यापारी की सेवा पुरवठादार: सोलापूरच्या टॉवेल फर्मची ओळख कशी पटवावी?

प्रश्न: आम्हाला आमच्या लॉजसाठी टॉवेल घ्यायचे आहेत. सोलापूरच्या एका फर्मच्या माहितीत ‘सर्व प्रकारच्या टेरी टॉवेलचे उत्पादक, पुरवठादार, वितरक व टेक्स्टाईल सेवा’ असे लिहिले आहे. ही मंडळी नेमकी कोण, हे कसे ओळखायचे?

उत्तर:

मी सोलापुरात यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीचे काम पाहतो. अशी चौफेर वर्णने इथे सर्रास आढळतात. ती वाचून काहीच ठरवता येत नाही, म्हणून वर्णन बाजूला ठेवावे आणि दोन गोष्टी शोधाव्यात: सुतापासून टॉवेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर माल कोणाच्या मालकीचा होता, आणि त्या मालाचे रूप कोणी पालटले. माल स्वतःचा आणि रूपही स्वतः पालटले, तर तो उत्पादक. तयार माल विकत घेऊन तसाच विकला, तर तो व्यापारी. तेच काम एखाद्या कारखान्याच्या लेखी नेमणुकीने, ठरलेल्या भागापुरते होत असेल, तर तो वितरक. आणि माल दुसऱ्याचा, आपली फक्त मजुरी, असे असेल तर तो सेवा पुरवठादार.

हे ऐकायला सोपे आहे. सोलापुरात मात्र त्याची गाठ जॉबवर्कपाशी, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करण्यापाशी बसते. येथे एखाद्याच्या शेडमध्ये माग दिवसरात्र चालू असतात, पण बीमवरचे, म्हणजे मागाच्या ताण्याच्या रुळावर गुंडाळलेले सूत गावातल्या दुसऱ्याच फर्मचे असते. ती फर्म सूत विकत घेते, चलनावर माग मालकाकडे पाठवते, विणलेला माल परत घेते आणि माग मालकाला विणकामाची मजुरी देते. कागदोपत्री हा माग मालक सेवा पुरवठादार ठरतो आणि त्याच्या बिलावर 9988 ने सुरू होणारा सेवा कोड येतो. उलट, जिच्याकडे स्वतःचा एकही माग नाही ती सूत पुरवणारी फर्म स्वतःला उत्पादक म्हणवते आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते खोटेही नसते, कारण सूत तिचे, नमुना तिचा आणि माल पडून राहिला तर नुकसानही तिचेच. रंगाईवाल्याची गोष्ट तशीच: रंग आणि रसायने तो स्वतःची वापरतो, तरी कापड दुसऱ्याचे असल्यामुळे त्याचे काम सेवेतच मोडते. म्हणून ‘तुमचे माग आहेत का?’ या एका प्रश्नाने अर्धवट उत्तर मिळते; त्याच्या जोडीला ‘सूत कोणाच्या नावावर येते?’ हे विचारावे लागते.

आता तुमच्या फर्मकडे वळू. पहिले काम घरबसल्या होते. बिलावरचा किंवा कोटेशनवरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक services.gst.gov.in वरील Search Taxpayer या सोयीत टाका. तेथे नोंदणीची तारीख, व्यवसायाचा मुख्य पत्ता आणि मुख्य व्यवसाय उत्पादकाचा, व्यापाऱ्याचा की सेवेचा, हे दिसते. ही नोंद व्यावसायिकाने स्वतः भरलेली असते, त्यामुळे तो पुरावा नव्हे. पण वेबसाइटवर ‘उत्पादक’ आणि येथे ‘व्यापारी’ असे निघाले तर ती विसंगती फर्मला थेट विचारण्याजोगी आहे. पत्त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. नवी पेठेतल्या कार्यालयाच्या पत्त्यावर नोंदणी असलेल्या फर्मचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत असू शकतो, आणि एमआयडीसीतला पत्ता नुसत्या गोदामाचाही असतो.

लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्र पुढे केले, तर त्यावरील व्यवसायाचा पाच आकडी कोड बघा. 13 ने सुरू होणारा कोड वस्त्रनिर्मितीचा, 46 ने सुरू होणारा घाऊक व्यापाराचा आणि 47 ने सुरू होणारा किरकोळ व्यापाराचा. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, त्यामुळे नुसते प्रमाणपत्र असणे म्हणजे उत्पादक असणे नव्हे. हे अजूनही अनेक खरेदीदारांच्या ध्यानात येत नाही.

विक्रीच्या बिलावर भिस्त ठेवू नका. टॉवेलचा एचएसएन, म्हणजे बिलावरचा वस्तूचा कोड, 6302 हा उत्पादकाच्या बिलावर येतो, तसाच व्यापाऱ्याच्याही. फरक दिसतो तो खरेदीच्या बाजूला. दर झाकून का होईना, अलीकडचे एक खरेदी बिल दाखवा म्हणावे. सुती सुताचा 5205 दिसला तर विणाई त्यांची किंवा त्यांच्या जॉबवर्कची आहे. 6302 चाच माल आत येत असेल तर ते व्यापारी आहेत. मधला एक प्रकार असतो: टेरी कापडाचे तागे 5802 खाली घेऊन ते कापायचे, कडा शिवायच्या आणि टॉवेल म्हणून विकायचे. वेगळे नाव, गुणधर्म आणि उपयोग असलेली नवी वस्तू तयार होणे, ही जीएसटी कायद्यातली उत्पादनाची कसोटी अशा फर्मच्या बाजूने लावता येते. पण कापडाची वीण तिच्या हातात नसते, हे तुम्ही गृहीत धरावे. नुसते पॅकिंग करून स्वतःचे लेबल लावणे मात्र उत्पादन नव्हे, आणि लेबलवर ‘निर्माता’ लिहिले आहे की ‘पॅक करणारा’ की ‘विपणन’, एवढे बारकाईने वाचले तरी पुष्कळ उलगडा होतो.

मग नेमकी मागणी टाकून पाहा. समजा, तुम्हाला 30 बाय 60 इंचांचे, 500 जीएसएमचे, म्हणजे दर चौरस मीटरला 500 ग्रॅम भरणारे पांढरे टॉवेल हवेत आणि काठात लॉजचे नाव विणलेले हवे. हा टॉवेल साधारण 1.16 चौरस मीटरचा होतो, म्हणजे एका नगाचे वजन 580 ग्रॅमच्या आसपास यायला हवे. विणणारा माणूस लगेच विचारील की नाव जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर विणायचे की नंतर भरतकामाने काढायचे, किती नग हवेत आणि बीम लावण्याइतकी ऑर्डर आहे का. व्यापारी बहुधा ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो आणि शिल्लक मालावर भरतकाम करून देण्याचा दर सांगतो. यात फसवणूक नाही. तुमचे नग थोडे असतील तर त्याच्याकडूनच घेणे परवडेल, कारण इतक्या कमी मालासाठी उत्पादक माग अडवणार नाही. नमुना मात्र तराजूवर टाकून घ्या.

वितरकाबद्दल फार लिहीत नाही, कारण टॉवेलच्या धंद्यात खरे वितरक मला कमीच भेटतात; तो प्रकार सुटे भाग आणि रंग-रसायनांत जास्त दिसतो. कोणी तसे म्हटलेच, तर कारखान्याचे नेमणूकपत्र, त्यातला भाग आणि मुदत पाहा, आणि पत्रावरच्या नव्हे, तर स्वतः शोधलेल्या फोन नंबरवर कारखान्याला विचारा.

सोलापूरला येणे जमत असेल तर शेड बघून घ्या. टेरीच्या मागावर दोन बीम असतात, एक तळाच्या ताण्याचा आणि एक पाइलचा, म्हणजे ज्याच्या सैल सोडलेल्या सुताची टॉवेलवर लूप उठतात त्याचा. दोन्ही बीमवर सूत असेल तर हे सूत कोणाचे, हे मालकाला नव्हे, तर जवळच्या कामगाराला सहज विचारा. शेडमध्ये फक्त शिलाई मशिने, वजनकाटा आणि पॉलिथिनच्या पिशव्या असतील तर विणाई बाहेरची आहे.

एकच फर्म दोन-तीन भूमिका करू शकते: पांढरा टॉवेल स्वतः विणते, रंगीत नॅपकिन बाहेरून आणते आणि रिकाम्या मागांवर दुसऱ्याची मजुरी घेते. तेव्हा ‘तुम्ही कोण?’ यापेक्षा ‘माझ्या ऑर्डरचा माल कोण विणणार?’ हे विचारा आणि उत्तर खरेदी आदेशात लिहून घ्या. रंगात फरक निघाला किंवा वजन कमी भरले, तर माल बदलून देण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच ओळीखाली लिहावे. व्यापारी असेल तर तो ही जबाबदारी आपल्या पुरवठादारावर ढकलणार नाही, असे स्पष्ट शब्दांत.